न वटलेल्या धनादेशाची नोटीस: यंत्राच्या मराठीतले काय ठेवावे आणि काय नव्याने लिहावे

लातूर, जालना, परभणी किंवा नांदेड येथील वकिलांच्या कार्यालयांतून निघणाऱ्या नोटिशींमध्ये न वटलेल्या धनादेशाची नोटीस नेहमीची आहे. मूळ मसुदा बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. ज्याला ती जाते तो मोंढ्यातला आडत दुकानदार, तेलघाणीचा मालक किंवा जिनिंगचा भागीदार असतो आणि त्याला मराठी वाचणे सोपे जाते, म्हणून इंग्रजीसोबत मराठी अनुवादाची प्रत जोडण्याची पद्धत पडली आहे. अलीकडे या अनुवादाचा पहिला खर्डा संगणकाकडून करून घेतला जातो आणि कार्यालयात नव्याने आलेल्या अनुवादकाच्या हाती तो देऊन ‘एकदा बघून घ्या’ असे सांगितले जाते. हे बघणे म्हणजे नेमके काय, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. या लेखात ती रीत एकाच प्रकारच्या नोटिशीवर, उदाहरणासह मांडली आहे.

उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील व्यवहार मराठवाड्यात रोज घडणारा आहे. मोंढ्यातील एका आडत्याने एका तेल गिरणीला ११० क्विंटल सोयाबीन ४,४२५ रुपये क्विंटल या दराने विकले. त्याचे ४,८६,७५० रुपये झाले. गिरणी ही भागीदारी संस्था आहे आणि तिच्या वतीने एका भागीदाराने १० जून २०२४ या तारखेचा धनादेश दिला. आडत्याने तो आपल्या बँकेत भरला. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्याचा बँकेचा मेमो २४ जून रोजी तयार झाला आणि आडत्याच्या हाती तो २६ जून रोजी आला. वकिलांनी ८ जुलै रोजी इंग्रजीत नोटीस तयार केली. ती दोघांच्या नावे आहे: तुम्ही नं. १ म्हणजे गिरणी आणि तुम्ही नं. २ म्हणजे सही करणारा भागीदार.

कायद्याची चौकट थोडक्यात माहीत असावी, कारण कोणते वाक्य किती नाजूक आहे हे तिच्यावरूनच ठरते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटिशीने रक्कम मागावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत धनादेश देणाऱ्याने ती रक्कम दिली नाही, तर फिर्यादीचे कारण उत्पन्न होते, आणि तेथून एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. आपल्या उदाहरणात ३० दिवस २६ जूनपासून मोजले जातील, २४ जूनपासून नव्हे. नोटीस १२ जुलै रोजी पोहोचली असे धरले तर १५ दिवस २७ जुलै रोजी पुरे होतात.

कागद हाती आल्यावर लगेच यंत्राचे मराठी वाचायला घेऊ नये. आधी इंग्रजी मसुदा वाचून एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने टिपण काढावे. नोटीस कोणाच्या वतीने आहे, कोणाला आहे, धनादेश कोणी कोणाला दिला, त्याची तारीख आणि क्रमांक काय, रक्कम किती, मेमोवरची तारीख कोणती आणि मेमो हाती आल्याची तारीख कोणती, मागणी नेमकी कोणत्या रकमेची आहे, मुदत किती आणि ती कोणत्या क्षणापासून, मुदतीनंतर काय करण्याचा इशारा आहे, एवढ्या गोष्टी त्यात याव्यात. हे टिपण मराठीत असावे आणि आपल्याच शब्दांत असावे. आजची भाषांतर करणारी यंत्रे इतके सफाईदार मराठी लिहितात की ते आधी वाचले तर डोळा त्यालाच खरे धरतो आणि नंतर इंग्रजी वाचतानाही मनात यंत्राचाच अर्थ उमटतो. टिपण हाती असले म्हणजे तुलना त्याच्याशी होते.

येथेच आणखी एक काळजी घ्यावी. पक्षकाराची नावे, पत्ते, खाते क्रमांक असलेला मजकूर कोणत्याही खुल्या संकेतस्थळावर जसाच्या तसा टाकू नये. पक्षकाराने वकिलाला दिलेली माहिती गोपनीय असते आणि ती बाहेर देण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. नावांच्या जागी `A1`, `B1`, `B2` आणि पत्त्याच्या जागी `ADR1` अशा खुणा घालाव्यात आणि मराठी हाती आल्यावर त्या हाताने भराव्यात. यामुळे गोपनीयता राखली जाते आणि नावांची मोडतोडही टळते. इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर आहे, म्हणून यंत्राला ‘काळे’ आणि ‘काले’, ‘मुळे’ आणि ‘मुले’ यांत फरक करता येत नाही. गावांचेही तसेच आहे. बीड जिल्ह्यातले केज इंग्रजीत ज्या पद्धतीने लिहितात त्यावरून यंत्र ‘कैज’ करते आणि परभणी जिल्ह्यातल्या सेलूचे ‘सैलू’ होते. योग्य लेखन आधार कार्ड, सातबारा किंवा दुकानाच्या पाटीवरून घ्यावे, अंदाजाने लिहू नये. जिल्ह्याचे नाव इंग्रजी मसुद्यात जुने असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असे लिहायचे की नाही, हे वकिलांना विचारून ठरवावे, कारण धनादेशावर आणि बिलावर जुनेच नाव छापलेले असू शकते.

वाक्य काय काम करते ते पाहावे

नवखा अनुवादक यंत्राचे मराठी वाचताना जे वाक्य खडबडीत वाटते तेथे थांबतो आणि जे गुळगुळीत वाटते ते सोडून पुढे जातो. नोटिशीच्या बाबतीत ही रीत धोक्याची आहे. खडबडीत वाक्यातली चूक कोणालाही दिसते. गुळगुळीत वाक्यात फिरलेला अर्थ मात्र टपाल गेल्यानंतर समोरच्या वकिलाला दिसतो. म्हणून वाक्य कसे वाचले जाते यापेक्षा ते नोटिशीत कोणते काम करते, यावरून त्याचे काय करायचे ते ठरवावे.

मी समासात तीन खुणा करतो. ‘ठे’ म्हणजे ठेवावे, ‘दु’ म्हणजे दुरुस्त करावे आणि ‘न’ म्हणजे यंत्राचे वाक्य बाजूला सारून नव्याने लिहावे. व्यवहाराची पार्श्वभूमी सांगणारी वाक्ये, म्हणजे पक्षकाराचा धंदा काय, दुकान कोठे, दोघांचा व्यवहार किती वर्षांचा, ही बहुतेक ‘ठे’ किंवा ‘दु’ मध्ये जातात. देणे कसे निर्माण झाले आणि धनादेश कोणी कशापोटी दिला हे सांगणारी वाक्ये ‘दु’ असतात, पण त्यांतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागणी, मुदत, परिणामाचा इशारा आणि हक्क राखून ठेवणारे वाक्य ही चार मात्र नेहमीच ‘न’ समजावीत. यंत्राने ती बिनचूक लिहिली आहेत असे वाटले, तरी ती नव्याने लिहून मग यंत्राच्या वाक्याशी ताडून पाहावीत. असे करायला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा मिनिटे वाचवण्याजोगी नाहीत.

या नियमाला उलट बाजूही आहे. पार्श्वभूमीचे वाक्य जरा कृत्रिम वाटले तरी अर्थ नीट पोहोचत असेल तर ते सुंदर करण्यात वेळ घालवू नये. ‘माझे पक्षकार गेली अनेक वर्षे सदर ठिकाणी आडतीचा व्यवसाय करीत आहेत’ हे वाक्य यंत्राने दिले तर ते जसेच्या तसे ठेवावे.

परिचित शब्दांची फसगत

प्रत्येक वाक्याला खूण करण्यापूर्वी संपूर्ण मसुद्यातले काही ठराविक शब्द शोधून काढावेत, कारण त्यांच्या बाबतीत यंत्र पुन्हा पुन्हा त्याच चुका करते. अधिनियमाचेच नाव घ्या. ते ‘वाटाघाटी करण्यायोग्य साधने कायदा’ असे होऊन येते. इंग्रजी शब्दाला वाटाघाटीचा अर्थही आहे आणि हस्तांतरणाचाही, आणि यंत्राने पहिला उचलला. आपल्या कार्यालयात ‘परक्राम्य संलेख अधिनियम’, ‘चलनक्षम दस्तऐवज अधिनियम’ किंवा सरळ ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’ यांपैकी जे नाव वापरात असेल ते एकच नाव सर्वत्र ठेवावे. एका परिच्छेदात एक आणि दुसऱ्यात दुसरे नाव आले तर वाचणाऱ्याला हे दोन कायदे आहेत असे वाटू शकते.

‘विदाउट प्रेज्युडिस’ या शब्दांचे ‘कोणताही पूर्वग्रह न ठेवता’ असे होते. हे मराठी म्हणून निर्दोष आहे आणि म्हणूनच ते निसटते. वकिलाला म्हणायचे असते की या नोटिशीमुळे पक्षकाराच्या इतर हक्कांना बाधा येणार नाही. ‘पूर्वग्रह’ म्हणजे मनात आधीच बसलेले मत, आणि त्याचा येथे काही संबंध नाही. ‘कन्सिडरेशन’ चे ‘विचार’ होते, तेथे ‘मोबदला’ हवा. धनादेश देणाऱ्याला इंग्रजीत ‘ड्रॉवर’ म्हणतात आणि यंत्र हा शब्द तसाच ठेवते. मराठी वाचकाला त्यातून टेबलाचा खणच दिसतो. नोटिशीत ‘धनादेश देणारे तुम्ही’ एवढे लिहिले की पुरे. ‘क्लायंट’ चे ‘ग्राहक’ झाले तर अर्थ उलटतो, कारण या व्यवहारात ग्राहक म्हणजे माल घेणारी गिरणी आणि वकिलाचा पक्षकार म्हणजे माल विकणारा आडत्या. ‘पक्षकार’ किंवा ‘अशील’ यांपैकी एकच शब्द निवडून सर्वत्र वापरावा.

सर्वात जास्त वेळ ‘देणे’ आणि ‘कर्ज’ यांतील फरकाला द्यावा असे मला वाटते. कलमातील शब्दांचा अर्थ ‘कायद्याने वसूल करता येणारे देणे किंवा अन्य दायित्व’ असा आहे. यंत्र त्याचे ‘कायदेशीररीत्या अंमलबजावणी करण्यायोग्य कर्ज’ असे करते. मोंढ्यात ‘कर्ज’ म्हणजे कोणीतरी उसने किंवा व्याजाने दिलेला पैसा, आणि येथे तर मालाची किंमत येणे आहे. गिरणीमालक हे वाचून ‘मी कोणाकडून कर्ज घेतलेच नाही’ असे म्हणेल आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असेल. ‘देणे’ हा साधा, जुना शब्द दोन्ही प्रकारच्या येण्याला लागू होतो आणि तो वाचणाऱ्याच्या रोजच्या वहीतला आहे. मालाच्या कागदांच्या नावांचेही असेच आहे. इंग्रजीत ज्याला वजनाची चिठ्ठी म्हटले आहे तिला काट्यावर ‘काटापट्टी’ म्हणतात, आणि ‘कमिशन एजंट’ म्हणजे आडत्या. हे शब्द वापरल्याने नोटीस कमी औपचारिक होत नाही. कोणत्या कागदाविषयी बोलणे चालले आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळते.

‘न वटणे’ या क्रियेसाठी यंत्र कधी ‘धनादेशाचा अपमान झाला’ असे लिहिते, तर कधी ‘अनादरित झाला’ असे. पहिले अर्थातच काढावे. दुसरे न्यायालयीन कागदांत चालते, पण वाचणारा व्यापारी असेल तर ‘न वटता परत आला’ हेच ठेवावे.

गुळगुळीत वाक्यात बदललेला कर्ता

इंग्रजी मसुद्यात एक वाक्य कर्मणी प्रयोगात आहे. त्याचा अर्थ असा की, सदर मालाच्या किमतीपोटी माझ्या पक्षकारांच्या नावे धनादेश देण्यात आला. इंग्रजीत कोणी दिला हे त्या वाक्यात सांगितलेले नाही, ते आधीच्या वाक्यातून कळते. यंत्राने त्याचे मराठी असे केले: ‘तुम्ही माझ्या पक्षकारांकडून ११० क्विंटल सोयाबीन खरेदी केले आणि त्यांनी त्यापोटी दिनांक १० जून २०२४ चा धनादेश दिला.’

हे वाक्य मोठ्याने वाचले तर कानाला कोठेच अडत नाही. मात्र ‘त्यांनी’ म्हणजे जवळचे नाम ‘माझे पक्षकार’ असा अर्थ लागतो आणि धनादेश विकणाऱ्याने दिला असे होते. ज्याच्यावर फिर्याद होऊ शकते त्याने धनादेश दिला होता हीच गोष्ट या वाक्यातून हरवली. दुरुस्ती मोठी नाही: ‘सदर मालाच्या किमतीपोटी तुम्ही नं. १ च्या वतीने तुम्ही नं. २ यांनी स्वतःच्या सहीने माझ्या पक्षकारांच्या नावे दिनांक १० जून २०२४ चा धनादेश दिला.’ परंतु ‘स्वतःच्या सहीने’ हे शब्द मसुद्यात दुसरीकडे असतील तरच घालावेत. आपल्या माहितीने वाक्य भरण्याचा हक्क अनुवादकाला नाही.

म्हणून या भागात प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून ‘कोणी?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर टिपणाशी जुळवावे. ‘खरेदी केले’, ‘दिला’, ‘भरला’, ‘परत आला’, ‘कळविले’ या पाच क्रियापदांची पाच उत्तरे वेगवेगळी आहेत. जेथे ‘त्यांनी’, ‘ते’, ‘सदर व्यक्ती’ असे शब्द आले आहेत तेथे ते काढून ‘तुम्ही’ किंवा ‘माझे पक्षकार’ असे स्पष्ट लिहावे. मराठीत तीच तीच नावे पुन्हा आली तर थोडे जड वाटते, पण नोटिशीत तो दोष नाही.

दोघांना उद्देशून असलेल्या नोटिशीत आणखी एक गोष्ट पाहावी. ‘तुम्ही नं. १’ आणि ‘तुम्ही नं. २’ यांचा इंग्रजीतील उल्लेख यंत्राला समजत नाही. कधी क्रमांक गळून नुसते ‘तुम्ही’ उरते, तर कधी क्रमांकाच्या संक्षेपाचा अर्थ ‘नाही’ असा लावला जाऊन वाक्यच बिघडते. संस्था आणि तिच्या कारभाराला जबाबदार असलेला भागीदार या दोघांवर दायित्व येते ते कलम १४१ मुळे, म्हणून कोणत्या वाक्यात एक आहे आणि कोणत्यात दोघे आहेत हे इंग्रजीप्रमाणेच उतरले पाहिजे. सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवावे. यंत्र मध्येच ‘आपण’ आणते आणि त्यामुळे नोटीस दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी दिसते.

तारखांतही असेच एकत्रीकरण होते. मेमो २४ जूनचा आणि तो हाती आला २६ जूनला, या दोन तारखा इंग्रजीत एकाच लांब वाक्यात होत्या. यंत्राने ‘२४ जून रोजी मेमोसह धनादेश परत मिळाला’ असे लिहून दुसरी तारीख सोडून दिली. वाक्य सुबक झाले, पण ज्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे तोच दिवस गेला. म्हणून इंग्रजीतल्या सर्व तारखा आणि आकडे मोजावेत, मराठीतले मोजावेत आणि संख्या जुळते का पाहावे. हे काम अगदी यांत्रिक आहे आणि म्हणूनच ते थकलेल्या डोळ्यांनीही करता येते.

मागणीचे वाक्य

नोटिशीचा प्राण या एका वाक्यात असतो, म्हणून ते पूर्ण देतो. यंत्राने दिलेले मराठी असे होते:

‘म्हणून मी तुम्हाला याद्वारे आवाहन करतो की, येथील पावती मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत धनादेशाची रक्कम आणि या सूचनेचा खर्च मिळून रु. ४,८६,७५० चे पेमेंट करावे, ज्यामध्ये अयशस्वी झाल्यास माझे ग्राहक तुमच्या जोखमीवर आणि खर्चावर तक्रार करण्यास विवश होतील.’

पहिली चूक ‘पावती’. इंग्रजी ‘रिसीट’ म्हणजे पावतीही आणि मिळणेही. लिफाफ्यावर आणि पहिल्या ओळीत ‘पोचपावतीसह नोंदणीकृत डाकेने’ असा उल्लेख असल्याने वाचणाऱ्याला ‘येथील पावती’ म्हणजे टपालाची पोचपावती वाटेल. ती पोचपावती तर वकिलाकडे परत जाते, गिरणीमालकाला मिळत नाही. मग १५ दिवस कधी सुरू झाले, असा प्रश्न उरतो. दुसरी चूक ‘मिळून’. इंग्रजीत धनादेशाची रक्कम ४,८६,७५० रुपये आहे आणि नोटिशीचा खर्च ३,००० रुपये वेगळा मागितला आहे. यंत्राने दोन्हींना एका आकड्यात बसवले, त्यामुळे धनादेशाची रक्कम खर्च वजा जाता कमी असल्यासारखे दिसते. कलमाला धनादेशाच्या रकमेची मागणी अपेक्षित आहे. खर्च किंवा व्याज मागता येते, पण धनादेशाची रक्कम त्यांतून वेगळी उठून दिसली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या एका निकालात नोटिशीत धनादेशापेक्षा वेगळी रक्कम लिहिली गेली म्हणून नोटीस अवैध ठरवली आणि ती टंकलेखनातील चूक असल्याचा खुलासा मान्य केला नाही. तिसरी चूक ‘तक्रार’. या शब्दाने पोलीस ठाण्याची तक्रार डोळ्यांपुढे येते, आणि येथे मात्र न्यायालयात दाखल होणारी फौजदारी फिर्याद अभिप्रेत आहे. ‘आवाहन’ हा शब्द सभेत किंवा निवडणुकीत शोभतो, रकमेच्या मागणीत नव्हे.

इतके बिघडलेले वाक्य शब्द बदलून सरळ होत नाही, कारण इंग्रजीची एका श्वासात मागणी, मुदत आणि इशारा गुंफण्याची रचनाच मराठीत आली आहे. म्हणून ते मोडून तीन वाक्ये करावीत:

‘म्हणून या नोटिशीद्वारे तुम्हा नं. १ व नं. २ यांच्याकडे मागणी करण्यात येते की, ही नोटीस तुम्हाला मिळालेल्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत तुम्ही वर नमूद केलेल्या धनादेशाची रक्कम रु. ४,८६,७५०/- (अक्षरी रुपये चार लाख शहाऐंशी हजार सातशे पन्नास मात्र) माझ्या पक्षकारांना द्यावी. या रकमेव्यतिरिक्त या नोटिशीचा खर्च रु. ३,०००/- (अक्षरी रुपये तीन हजार मात्र) तुम्ही वेगळा द्यावा. धनादेशाची रक्कम उपरोक्त मुदतीत न दिल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ सह कलम १४१ व १४२ अन्वये तुमच्याविरुद्ध सक्षम न्यायालयात फौजदारी फिर्याद दाखल केली जाईल आणि तिच्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी तुमच्यावर राहील.’

‘सह’ हा छोटा शब्दही पाहून ठेवावा. एक कलम दुसऱ्यासह वाचावे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे यंत्र ‘कलम १४१ सह वाचा’ असे आज्ञार्थी करते, जणू वाचणाऱ्याला काहीतरी वाचायला सांगितले आहे. अक्षरी रक्कम तर स्वतःच्या हातानेच लिहावी. मराठीत शंभरापर्यंतचा प्रत्येक अंक स्वतंत्र शब्द आहे आणि शहाऐंशीचे शहात्तर व्हायला वेळ लागत नाही. अंकी आणि अक्षरी रकमेत फरक राहिला तर कोणती खरी यावर वाद करायला समोरच्याला आयते निमित्त मिळते.

हक्क राखून ठेवणारे शेवटचे वाक्य तुलनेने सोपे आहे: ‘या नोटिशीमुळे माझ्या पक्षकारांना कायद्याने उपलब्ध असलेल्या अन्य हक्कांना व उपायांना कोणतीही बाधा येणार नाही.’ एकदा वकिलांकडून मंजूर करून घेतले की पुढच्या प्रत्येक नोटिशीत तेच वापरावे.

इंग्रजीतच चूक सापडली तर

मराठी नीट करताना कधी लक्षात येते की मूळ मसुद्यातच धनादेशाचा क्रमांक एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा आहे, किंवा मेमोची तारीख जुळत नाही. अशा वेळी मराठीत गुपचूप योग्य आकडा लिहू नये. तसे केले तर इंग्रजी आणि मराठी प्रती एकमेकींशी विसंगत होतात आणि चूक झाकलीही जात नाही. वेगळ्या चिठ्ठीवर परिच्छेदाचा क्रमांक आणि शंका लिहून ती वकिलांकडे द्यावी. वाक्याला दोन अर्थ निघत असतील आणि कोणता घ्यावा हे इंग्रजीवरून ठरत नसेल, तेव्हाही हेच करावे. यंत्र दोनांपैकी एक अर्थ न सांगता निवडते. माणसाने मात्र शंका लिहून ठेवायची असते.

बाहेर जाण्यापूर्वीचे वाचन

सर्व खुणा मिटल्या आणि नावे परत भरली की मराठी प्रत छापून काढावी, कारण पडद्यावर निसटलेल्या गोष्टी कागदावर दिसतात. मग इंग्रजी बाजूला ठेवून, हे प्रकरण ज्याने पाहिलेले नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला ती वाचायला द्यावी आणि वाचून झाल्यावर सहा प्रश्न विचारावेत: पैसे कोणी द्यायचे, कोणाला द्यायचे, धनादेशाचे किती आणि वेगळे किती, कशापोटी, कोणत्या दिवसापासून किती दिवसांत, आणि न दिल्यास कोठे काय होईल. त्याने अडखळून दिलेले उत्तर, किंवा ‘बहुतेक’ लावून दिलेले उत्तर, ज्या वाक्यातून आले ते पुन्हा ‘न’ मध्ये टाकावे. मला आठवते, एकदा अशाच वाचनात कारकुनाने सांगितले की १५ दिवस पोचपावती परत आल्यापासून मोजायचे. मी ते वाक्य दोनदा तपासलेले होते आणि ‘पावती’ हा शब्द माझ्या डोळ्यांना दिसलाच नव्हता.

उदाहरणातल्या नोटिशीत अकरा परिच्छेद होते. त्यांपैकी तीन ठेवले, चार दुरुस्त केले आणि चार नव्याने लिहिले. दुसऱ्या नोटिशीत हे प्रमाण वेगळे येईल, परंतु मागणी, मुदत, इशारा आणि हक्क राखणे हे परिच्छेद नव्याने लिहिलेल्यांतच असतील. वकिलांच्या सहीसाठी प्रत पाठवताना तिच्या शिरोभागी ‘इंग्रजी नोटिशीचा मराठी अनुवाद’ असे लिहावे, शंकांची चिठ्ठी सोबत जोडावी, आणि यंत्राचा मूळ खर्डा, खुणा केलेली प्रत व अंतिम प्रत या तिन्ही प्रकरणाच्या फाइलीत तारखांसह ठेवाव्यात.